टीम प्रेझेंटेशनमध्ये एकाचं बोलणं दुसऱ्याकडे सोपवताना: आपापले अनुभव लिहा

निंबोणी
काल पुतणीच्या फायनल इयर प्रोजेक्टचा सराव बघायला बसले आणि जुनं सगळं आठवलं. चौघंजण, चौघांचीही तयारी पक्की. पण एक संपवून दुसरा सुरू करायचा तिथे दर वेळी तेच: "माझं एवढंच, पुढचं आता हा सांगेल", मग माइकची खरखर, मग "गुड मॉर्निंग, मायसेल्फ अमुक अमुक", आणि तोवर ऐकणारा मोबाइल बघायला लागलेला. बोलणं चांगलं होतं, सांधे कच्चे होते.

विषय आहे मातीतला ओलावा मोजून ठिबकचा पंप आपोआप चालू-बंद करणं. एकूण वेळ 15 मिनिटं, त्यानंतर प्रश्न. ज्यांनी हे बरंच केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी लिहा. "आत्मविश्वास ठेवा" नको, नेमकं काय करायचं ते सांगा.

रेवदंडा
आधी वेळेचा हिशोब, कारण सांधा बिघडतो तो बहुतेक वेळा आधीच्याने जास्त वेळ घेतल्यामुळे.

15 मिनिटं म्हणजे 900 सेकंद. त्यातले 90 सुरुवातीलाच बाजूला काढा, त्यांना हात लावायचा नाही. चौघं आहेत म्हणजे तीन सांधे, प्रत्येकी 10 सेकंद धरा, ते 30. उरले 780, म्हणजे 13 मिनिटं. ही चौघांत समान वाटू नका. समस्या काय आहे ते अडीच मिनिटांत होतं. सेन्सर आणि सर्किटला चार, निकालांना चार, खर्च आणि पुढचं काम अडीच.

आता महत्त्वाचं. "तुला चार मिनिटं" असं कुणालाही सांगायचं नाही, घड्याळातली वेळ सांगायची. पहिल्याने 2:30 ला सोपवायचं. दुसरीने 2:40 ला सुरू करून 6:40 ला सोडायचं. तिसरा 6:50 ते 10:50. चौथी 11:00 ते 13:30. प्रत्येकाने आपले दोनच आकडे हातातल्या कार्डावर मोठे लिहायचे. "चार मिनिटं" लक्षात ठेवणारा माणूस आपण कधी सुरू केलं तेच विसरतो, मग चार मिनिटं मोजणार कुठून?

घाटावरचा
मी तर म्हणतो सगळ्यांना सारखी वेळ द्या, भांडण नको. आणि प्रत्येकाने मोबाइलवर अलार्म लावावा, व्हायब्रेटवर. खिशात थरथरलं की थांबायचं, सोपं.

रेवदंडा
@घाटावरचा थरथर उपयोगी आहे, पण संपायच्या क्षणी नको. वाक्याच्या मधोमध खिसा थरथरला की माणूस तिथेच वाक्य तोडतो आणि सोपवायचं वाक्य गिळून टाकतो. 30 सेकंद आधी लावा. त्याहून बरं म्हणजे टीममधला जो सर्वात आधी बोलून मोकळा होतो त्याने पहिल्या रांगेत बसून कार्ड दाखवावं. पिवळं म्हणजे अर्धा मिनिट उरला, लाल म्हणजे चालू वाक्य संपवून सोपव. पहिल्याला कार्ड दाखवायला शेवटची बसेल, तिला तसाही वेळ आहे.

कणेरीमठ
उशीर झालाच तर? तो कोणी भरून काढायचा हे आधी ठरलेलं नसतं, म्हणून सगळा शेवटच्याच्या माथी येतो. आणि शेवटी असतो निष्कर्ष, म्हणजे जे परीक्षकाच्या लक्षात राहायला हवं तेच घाईत उरकलं जातं.

उपाय: दुसरी आणि तिसरा, दोघांनीही आपल्या भागातली एक स्लाइड "सोडता येईल" म्हणून खुणावून ठेवायची. तुमच्या विषयात ती सर्किटची पूर्ण आकृती असू शकते, आणि निकालांत रोजच्या नोंदींचा तक्ता. आपण उभे राहिलो तेव्हा घड्याळ 30 सेकंदांहून जास्त पुढे असेल तर ती स्लाइड गाळायची. भरभर बोलायचं नाही. भरभर बोलून चार मिनिटांत फार तर वीस-पंचवीस सेकंद वाचतात आणि ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. एक स्लाइड गाळली की सरळ पाऊण मिनिट हातात.

शब्दवेडी
आता वाक्यांकडे येऊ 😊 सोपवण्याच्या वाक्यात तीन गोष्टी लागतात: माझ्या भागातून काय हाती आलं, त्यातून कोणता प्रश्न उभा राहतो, आणि तो कोण सोडवणार. तुमच्याच प्रोजेक्टवर करून बघा:

"तर माती कोरडी झाली हे आता आपल्याला कळतं. पण पंप नेमका कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा? ते सांगेल स्नेहल."

आणि स्नेहलने "नमस्कार, मी स्नेहल" म्हणायचं नाही. नाव आत्ताच सांगून झालंय, चौघांची ओळख पहिल्याने पहिल्या स्लाइडवर करून दिलेली आहे. तिने थेट उत्तराने सुरू करायचं: "पंपासाठी आम्ही दोन मर्यादा ठेवल्या. ओलावा खालच्या मर्यादेच्या खाली गेला की पंप सुरू, वरच्या मर्यादेला पोचला की बंद. एकच मर्यादा ठेवली असती तर पंप सारखा चालू-बंद होत राहिला असता." ऐकणाऱ्याला माणूस बदलल्याचं कळतं, पण धागा तुटत नाही.

दोन वाक्यं कायमची बंद करा. "माझं एवढंच", कारण ते ऐकणाऱ्याला सुटी देतं. आणि मधेच "थँक यू", कारण लोक टाळ्या वाजवतात किंवा परीक्षक तिथेच प्रश्न सुरू करतात, मग वेळेचं गणित गेलं. धन्यवाद एकदाच, चौथीने.

आणखी एक, आपल्याकडेच येणारं. "स्नेहल सांगेल" की "स्नेहल मॅडम सांगतील" हे आधी ठरवा. विद्यार्थी असतील तर सगळे एकेरी. ऑफिसात मोठं-लहान मिसळलेलं असतं, तिथे सगळ्यांना अहो-जाहो. एकाला "सर" आणि दुसरीला नुसतं नाव, हे समोरच्याला लगेच खटकतं.

चहाबाज
छान धागा. आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात दोघी मिळून सूत्रसंचालन करणार आहेत, दोन गाण्यांच्या मधे म्हणायला चारोळ्या आहेत का कुणाकडे?

शब्दवेडी
@चहाबाज दादा, ते वेगळं काम. तिथे दोन कार्यक्रमांच्या मधली जागा भरायची असते, इथे जागाच राहू द्यायची नाहीये. वेगळा धागा काढा, भरपूर देते 🙏

साउंडवाला
हातातला कॉर्डलेस माइक असेल तर देताना बटण बंद करू नका. देणारा बंद करतो, घेणाऱ्याला माहीत नसतं, त्याचं पहिलं वाक्य जातं. चालू ठेवूनच द्या, पण कंबरेच्या उंचीवर आणि खालच्या टोकाला धरून. वरची जाळी मुठीत पकडली की शिट्टी वाजते. कॉलरचा माइक एकच असेल तर काढून-लावून अर्धा मिनिट जातो आणि शर्टवर घासल्याचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू येतो. त्यापेक्षा हातातला घ्या.

उभं राहायचं पण ठरवा. पुढचा माणूस आधीच्याच्या शेवटच्या स्लाइडवरच उठून दोन पावलांवर येऊन थांबला पाहिजे. नाव घेतल्यावर बाकावरून उठला तर ते 10 सेकंद 20 होतात. आणि बोलून झालेल्याने मागच्या बाजूने जायचं, प्रोजेक्टरच्या उजेडातून नाही.

निंबोणी
हे उजेडातून जाणं काल तिघांनी केलं! बरं, क्लिकर कोणी दाबायचा? पुढच्याची पहिली स्लाइड कोण आणणार?

शब्दवेडी
जाणाऱ्याने. "पण पंप कधी सुरू करायचा" म्हणतानाच स्नेहलची पहिली स्लाइड पडद्यावर यावी. म्हणजे ती येऊन उभी राहीपर्यंत लोकांना बघायला काहीतरी असतं. मग क्लिकर तिच्या हातात.

मिशिगनकर
ऑनलाइन असेल तर शब्दवेडींचं वाक्य उलटं करावं लागतं. नाव शेवटी आलं तर त्या माणसाला म्यूट काढायला दोन-तीन सेकंद लागतात, त्यात आवाज उशिरा पोचतो, आणि सगळे "हॅलो, ऐकू येतंय का" करत बसतात. नाव आधी घ्या: "स्नेहल, आता तुझ्याकडे येतोय. माती कोरडी झाली हे कळलं, पण पंप कधी सुरू करायचा?" प्रश्न संपेपर्यंत ती तयार. झूमवर स्पेसबार दाबून धरला की तेवढ्यापुरता म्यूट निघतो, मीटवर Ctrl+D.

स्क्रीन शेअर एकानेच करा. दर वेळी एकाने बंद करून दुसऱ्याने सुरू करण्यात खूप वेळ जातो. आणि लाइन तुटली तर? पाच सेकंद थांबून आधीच्यानेच पुढच्याची पहिली दोन वाक्यं म्हणायची. म्हणून ती दोन वाक्यं दोघांनाही पाठ हवीत.

शब्दवेडी
ऑनलाइनला मान्य. पण समोरासमोर मात्र नाव शेवटीच. नाव आधी घेतलं की सगळ्यांच्या माना त्या माणसाकडे वळतात आणि प्रश्न कुणी ऐकतच नाही.

मिशिगनकर
मोठ्या हॉलमध्ये मी तिथेही आधीच घेईन. शेवटचा शब्द मागेपर्यंत पोचत नाही. असो, ज्याचा त्याचा हॉल 😀

हर्णै
पॉवरपॉइंटमधल्या Rehearse Timings ने सराव करत असाल तर जपून. शेवटी वेळा सेव्ह करू का विचारतं, लोक हो म्हणतात, मग खऱ्या दिवशी स्लाइड आपोआप पुढे सरकतात आणि बोलणारा गांगरतो. नाही म्हणा, किंवा Slide Show मध्ये जाऊन Use Timings वरची खूण काढा.

पिंपळपान
आमच्या टीममध्ये पाच जण आहेत आणि एक मुलगा लोकांसमोर अडखळतो. त्याला मधे ठेवलंय म्हणजे लक्षात येणार नाही. बरोबर ना? परवाच आहे 😟

कणेरीमठ
@पिंपळपान मधे ठेवलंत तर त्याला घेणंही आलं आणि देणंही आलं, दोन सांधे. पहिला ठेवा. त्याला फक्त द्यायचं राहतं, आणि सुरुवातीचं वाक्य घोटून पाठ करता येतं. शेवटचा मात्र नको, प्रश्न तिथूनच सुरू होतात. पण आधी त्यालाच विचारा, काहींना पहिलं जाण्याचीच जास्त धास्ती असते.

पिंपळपान
विचारते. हा विचारच केला नव्हता, थँक्स ताई/दादा.

रेवदंडा
सरावाबद्दल. अख्खं प्रेझेंटेशन पुन्हा पुन्हा करत बसू नका, त्यात सांधा तीनदाच येतो. फक्त सांधे करा: आधीच्याची शेवटची 20 सेकंद, पुढच्याची पहिली 20 सेकंद, थांबा. तीन सांध्यांना दोन मिनिटं. दहा मिनिटांत पाच फेऱ्या होतात, माइक, क्लिकर, चालणं सगळं धरून. त्यानंतर एकदाच सगळं सलग, घड्याळ लावून.

घाटावरचा
सारख्या वेळेचं मी अजून सोडलेलं नाही बरं का. परीक्षक मार्क प्रत्येकाला वेगळे देतात. अडीच मिनिटं बोलणाऱ्याला कमी पडले तर?

रेवदंडा
हे खरं आहे, आणि माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. प्रश्नांच्या वेळी ते भरून काढता येतं: पहिल्याने आणि चौथीने जास्त प्रश्न घ्यायचे. पण प्रश्न कुठल्या भागावर येतील ते आपल्या हातात नाही. गाइडना विचारून घ्या.

निंबोणी
सगळं पुतणीला पाठवलं. उद्या चारला चौघं पुन्हा घरी येतायत, फक्त सांधे करायला. लाल-पिवळी कार्डं म्हणून लग्नपत्रिकांचे मागचे कोरे भाग कापून ठेवलेत.

चहाबाज
चौघांना पोहे करा म्हणजे झालं. चारोळ्यांचा धागा काढलाय हो, या सगळे तिकडे.