मदत हवी आहे: धड्याच्या पहिल्या पानावरून पाठ टाचण

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सातवीला विज्ञान शिकवते. सोमवारी आम्ल-आम्लारीचा धडा सुरू करायचाय, पण पुस्तक शाळेतच राहिलं. सहकारी मॅडमनी पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय. त्यात वर ‘थोडे आठवा’चे प्रश्न, खाली लिटमसची कृती.

तास ३५ मिनिटांचा. टाचण असं मांडलंय: उजळणी ५ मिनिटं, गटात कृती १५, फळ्यावर तक्ता आणि चर्चा १०, मूल्यमापन ५. लिटमस पुरेसा नाही, म्हणून हळदीच्या पट्ट्या रविवारीच वाळवून नेईन. वर्गात वाळवत बसले तर तास तिथंच संपेल.

अडचण अशी की हळद साबणाच्या पाण्यात लाल होते, पण लिंबू आणि साधं पाणी दोन्हींत पिवळीच राहते. मग मुलं म्हणणार, पाणीही आम्ल! जास्वंदीचा अर्कही ठेवला तर लिंबू वेगळं कळेल, पण १५ मिनिटांत दोन्ही जमेल का? की निम्म्या गटांना हळद, निम्म्यांना जास्वंद देऊ?

आणि पुढची पानं न बघता अध्ययन निष्पत्ती कितपत लिहावी? मी सध्या फक्त ‘दर्शकाच्या साहाय्याने पदार्थांचे वर्गीकरण करतो’ एवढीच लिहिली आहे.