मदत हवी आहे: ब्लॅडर इरिगेशन चालू असताना खरी लघवी कशी मोजता?

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचे पेशंट, वजन 60 किलो. दोन तासांत 600 मिली सलाइन आत गेलं, पिशवीत 640 मिली आलं. चार्टवर आउटपुट 640 लिहिलेलं, त्यामुळे ठीकच वाटत होतं. वजाबाकी केली तर खरी लघवी फक्त 40, म्हणजे तासाला 20. निदान 30 तरी हवी. नळी दुमडलेली नव्हती, ओटीपोट फुगलेलं नव्हतं. मी लगेच डॉक्टरांना कळवलं.

पण सलाइनच्या पिशवीवरच्या खुणा ढोबळ असतात, 50 मिलीची चूक सहज होते, आणि इथे तेवढ्यावरच सगळं ठरतं. बाहेर आलेलं मोजपात्रात मोजता येतं. आत गेलेलं तुम्ही नेमकं कसं मोजता? पिशवीचं वजन करून? आणि बाहेरचं आतल्यापेक्षा कमी भरलं, तर गुठळी अडकली समजून इरिगेशन थांबवून मगच कळवता ना?