‘पवित्र’ म्हणजे नेमकं काय?

रेवती: परवा मावशीकडे वास्तुशांत होती. गुरुजींनी होमाच्या तुपाभोवती पेटलेला दर्भ फिरवला, मग दर्भाच्या दोन काड्या तुपातून हलवल्या. त्या काड्यांना ते ‘पवित्र’ म्हणत होते. पवित्र हे विशेषण ना? ते वस्तूचं नाव कसं?

जुना याज्ञिक: आधी वस्तूचंच नाव आहे. पवित्र म्हणजे गाळणी. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात सोमरस मेंढीच्या लोकरीतून गाळतात, ती लोकर म्हणजे पवित्र. धातू ‘पू’, स्वच्छ करणे. तुम्ही पाहिलं त्यातलं पहिलं पर्यग्निकरण, तीनदा. दुसरं उत्पवन. वीतभर लांबीची, शेंडा न तुटलेली दोन पाती दोन्ही हातांच्या अंगठा-अनामिकेत आडवी धरून तूप तीनदा वर उचलल्यासारखं करायचं. गाळलं काहीच जात नाही, पण कृती गाळण्याचीच. नंतर तीच पाती पाण्याने प्रोक्षून अग्नीत टाकतात.

रेवती: म्हणजे पावकही त्यातलाच?

जुना याज्ञिक: हो, आणि पवनही. पाणी मळ वाहून नेतं, आग हीण जाळते, वारा फोलपट उडवतो. नको ते वेगळं काढायचं, ही कल्पना तिघांत सारखी. म्हणून आग आणि पाणी या विधीत एकमेकांचे वैरी ठरत नाहीत.

घाटावरची: मग धूपही त्यातच आला. उदबत्तीत तर ‘उद’ आहेच, म्हणजे उदक! पाणी, आग, धूर सगळं एका काडीत 😀

मालवणकर: नाही हो. तो अरबी ‘ऊद’, अगरूचं सुगंधी लाकूड. आमच्याकडे उदकाडी म्हणतात. दर्ग्यात ऊद जाळतात, तो शब्दही हाच.

घाटावरची: अरेच्चा. बरं, बाळाला धुरी देताना आमची आजी निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग टाकायची. तान्ह्याला धूर नको, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्ही ते बंद केलं.

जुना याज्ञिक: धुरी वेगळी, पूजेतला धूप वेगळा. षोडशोपचारांत धूप हा देवाला दिलेला उपचार आहे, गंध-फुलांसारखा. त्याने देव शुद्ध होत नाही. ‘धूप’चा ‘पू’शी संबंध नाही.

मालवणकर: पण अग्निचयनात, म्हणजे विटांची वेदी रचून करायच्या यज्ञात, उखा नावाचं मातीचं भांडं भाजण्याआधी घोड्याच्या लिदीच्या धुराने धुपवतात. तिथे सुगंध कुठला? देवाला लीद अर्पण करत नाहीत ना कोणी.

जुना याज्ञिक: ते धूपन आहे खरं. पण तो भांड्याचा संस्कार, पूजेचा धूप त्याच्यातून आला असं मी म्हणणार नाही.

मालवणकर: मी म्हणेन. संध्याकाळी धुपाटणं घरभर फिरवतात, ते काय प्रत्येक खोलीत देव बसलाय म्हणून?

शेतकरी_७: धूप थांबवायला बांधावर काय लावावं? आमच्याकडे माती फार वाहून जाते.

रेवती: दादा, ती धूप वेगळी 🙏 तरी बांधावर गवत लावा, वाळा चालतो.