मदत हवी आहे: दुकानदाराला पाठवलेल्या पहिल्याच मेसेजला उत्तर येत नाही, काय चुकतंय?

बोरूबहाद्दर
मंडळी, मी मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. दोन वर्षांपासून फ्रीलान्स स्क्रिप्ट लिहितो. आतापर्यंतची कामं पुण्या-मुंबईच्या ओळखीतून आली, आता आपल्याच भागातल्या दुकानांसाठी रील लिहायच्या आहेत. मागच्या आठवड्यात ९ दुकानदारांना व्हॉट्सअ‍ॅप केलं. सात जणांनी वाचलं, एकाने "कोण?" विचारलं, मी उत्तर दिल्यावर तोही गप्प. मेसेज असा होता:

"नमस्कार सर, आशा आहे आपण कुशल असाल. मी एक व्यावसायिक स्क्रिप्टरायटर असून आजच्या डिजिटल युगात आपल्या व्यवसायाला नव्या उंचीवर नेण्यासाठी आकर्षक रील कन्सेप्ट तयार करतो. माझं काम सोबतच्या पीडीएफमध्ये पाहावं. एक सॅम्पल कल्पना मोफत देऊ इच्छितो. कधी बोलता येईल?"

आता मला ज्याच्याकडे खरंच काम करायचंय ते तालुक्याचं कूलरचं दुकान आहे. कूलर, पंप, ताट्या सगळं विकतात. त्यांना अजून पाठवलेलं नाही. आधी इथे विचारतो.

गल्ल्यावरचा
माझं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो. मोबाईल गल्ल्यावर पडलेला असतो. नोटिफिकेशनमध्ये मला दिसलं "नमस्कार सर, आशा आहे आपण". एवढ्यावरच समजलं, हा कर्जवाला नाहीतर विमावाला. उघडलं तर अनोळखी नंबर, वर ब्लॉकचं बटण, खाली फाईल. अनोळखी फाईल उघडून लोकांचे पैसे गेल्याचं रोज कानावर येतं, मी कायले हात लावू? आणि "कधी बोलता येईल" याचं उत्तर काय देऊ? गिऱ्हाईक उभं असतं भाऊ.

दमडीचं_तेल
मेसेज-बिसेज सोडा. सरळ दुकानात जा, चहा घ्या, बोला. खेड्यात काम तोंडओळखीने होतं.

बोरूबहाद्दर
गेलो होतो ना, बुधवारी. पंप घ्यायला. गर्दी होती, बोलायची हिंमत झाली नाही. पंप घेऊन परत.

मांडणीवाला
थांबा, याच बुधवारात तुमचा मेसेज आहे. पंधरा वर्षं जाहिराती लिहितो, सुरुवात वर्ध्याच्या छोट्या दुकानांपासून केली. दमडीचं_तेल यांचं अर्धं बरोबर आहे. जायलाच हवं, पण विकायला नाही, ऐकायला. तुम्ही उभे होतात तेव्हा गिऱ्हाईक काय विचारत होतं?

बोरूबहाद्दर
एक बाई भांडतच होत्या. म्हणे मागच्याच आठवड्यात नव्या ताट्या टाकल्या, तरी घर चिकचिकतं, गादीसुद्धा ओलसर लागते. मिस्त्री म्हणाला, "समोरचं दार लावून घेता ना? ते उघडा."

मांडणीवाला
ही तुमची रील. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ढकलतो. आतली हवा बाहेर पडली नाही तर ओल खोलीतच साचते आणि थंडावा जातो. विदर्भातल्या घराघरांत हा घोळ आहे. ३० सेकंदांत बोलून ६०-७० शब्दच बसतात, त्यामुळे एवढीच एक गोष्ट घ्या.

सुरुवातीला मिस्त्री: "कूलर नवा, ताट्या नव्या, तरी घर ओलं?" मग खिडकीत कूलर चालू, समोरचं दार बंद, दाराजवळ अगरबत्ती धरलेली. धूर तिथल्या तिथे घुटमळतो. दार वीतभर उघडलं की धूर बाहेर ओढला जातो. शब्द लागतच नाहीत.

पण हे दुकानात होणार नाही, शटर तर उघडंच असतं. मिस्त्रीच्या घरी किंवा गोडाऊनच्या खोलीत करा. मागे गडद पडदा नसेल तर मोबाईलमध्ये धूर दिसत नाही. आणि कूलरच्या घरघरीत आवाज ऐकू येणार नाही, म्हणून मिस्त्रीची वाक्यं कूलर बंद करून वेगळी रेकॉर्ड करा. मेसेजमध्ये हे सगळं लिहू नका, पण चित्रीकरण कुठे, किती वेळात, याचा एक शब्द हवा. दुकानदाराच्या मनात पहिली भीती तीच असते, की माझा धंद्याचा दिवस जाणार.

गल्ल्यावरचा
पण "दार उघडा" सांगितलं तर तो माणूस दुकानात येईल कशाला? ही रील धंदा कमी करते.

मांडणीवाला
रास्त शंका. म्हणून शेवटचं वाक्य असं ठेवा: "दार उघडूनही फरक नाही? ताटीला हात लावून पाहा. पांढरा थर चढला असेल तर तिथून पाणी नीट उतरत नाही. ताटीचं माप घेऊन या." आपल्याकडचं क्षाराचं पाणी पाहता बऱ्याच जणांची ताटी तशीच निघेल. माप घेऊन आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जात नाही.

लग्नसराई_फोटो
आमच्या परतवाड्यात एकाला ड्रोन शूटची आयडिया सांगितली, त्यानं पुतण्याकडून करून घेतली. फुकट काही देऊ नका. बाय द वे, कूलरच्या रीलला ट्रेंडिंग गाणं कोणतं लावावं? माझ्या पेजवर गाणी दिसतच नाहीत.

मांडणीवाला
तुमचं पेज बिझनेस अकाउंट असेल. तिथे बरीच गाणी मिळत नाहीत. या रीलला गाणं नकोच. चोरीचं म्हणाल तर धोका खरा आहे, पण मला तो परवडतो. अर्धी कल्पना पाठवली तर समोरच्याला ती कल्पनाच वाटत नाही.

बोरूबहाद्दर
रात्री बसून असं लिहिलं, सांगा:

"काका, बुधवारी तुमच्याकडून पंप नेला, तो मी. एक बाई विचारत होत्या की नव्या ताट्या टाकूनही घर ओलं का. तुमच्या मिस्त्रीने दार उघडायला सांगितलं. यावरच ३० सेकंदांची रील लिहिली आहे, खाली देतो. मिस्त्रीच्या घरी सकाळी तासाभरात होईल, तुम्हाला कॅमेऱ्यासमोर यायचं नाही. ही एक फुकट. ठेवायची असेल तर फक्त 'हो' लिहा."

खाली सहा ओळींची स्क्रिप्ट, फाईल नाही.

गल्ल्यावरचा
हे मी वाचलं असतं. "पंप नेला" पहिल्याच ओळीत आलं म्हणून. दुपारी तीनच्या सुमारास पाठवा, उन्हात बाजार सुना असतो. अन् आताच पाठवा, मार्च संपायच्या आत. मे महिन्यात कूलरवाल्याला जेवायला फुरसत नसते, आणि पावसाळी हवेत ही रील कोण पाहणार?

दमडीचं_तेल
दुकानाचं आणि गावाचं नाव टाका ना त्यात. नाहीतर वाटेल शंभर जणांना तोच मेसेज गेला.

मांडणीवाला
गरज नाही. "तुमचा मिस्त्री" दुसऱ्या कुणाला लागू होत नाही. तुमचं गाव मात्र टाका, ते राहिलंय. अमुक गावचा, अमक्याचा मुलगा. मुंबईत हे लिहिलं तर हसतील, मूर्तिजापुरात त्यावरच उत्तर येतं.

बोरूबहाद्दर
गाव आणि बाबांचं नाव टाकून काल ३ वाजता पाठवलं. ४ ला उत्तर: "हाव. मिस्त्री म्हणते रविवारी ये. पुढचे कितीले पडतील?"

आता काय सांगू? एका स्क्रिप्टचा भाव की महिन्याच्या चारचा?

मांडणीवाला
रविवार होऊ द्या. भाव त्या दिवशी, समोर बसून.

गल्ल्यावरचा
नाही बापा, आताच सांगा. भाव लपवला की आम्हाला शंका येते.