मदत हवी आहे: घसरलेला पेशंट वर घेताना नर्सच्या कमरेवर येणारा भार कसा मांडायचा?

गोदाकाठ_९
नमस्कार. नाशिकला बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑक्युपेशनल हेल्थच्या छोट्या असाइनमेंटसाठी एकच काम निवडलंय: पायथ्याकडे घसरलेला पेशंट पुन्हा उशाकडे घेणं. पेशंट ६० किलोचा, शुद्धीवर, पाय थोडे हलवतो. बेडची उंची बदलत नाही, गादीसकट ६० सेंमी. दोघी जणी काखेत हात घालून ओढतात. माझं गणित असं: ६० भागिले २ म्हणजे ३० किलो. नायॉश या अमेरिकी कामगार-आरोग्य संस्थेची उचलण्याची मर्यादा २३ किलो. तिसरी नर्स घेतली की २० किलो, म्हणजे सुरक्षित. बरोबर आहे ना?

सुईदोरा
बरोबर वाटतंय. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचला, हेही लिही. शिवाय कंबरपट्टा सगळ्यांना द्यावा अशी शिफारस कर.

वॉर्ड_सात
ताई, २३ किलो हा आकडा खोक्यासाठी आहे. तेही अंगाला लागून, घोट्यांपासून २५ सेंमीवर धरलेलं. हात जितके पुढे जातात तितकी मर्यादा उतरते: २५ ला त्या अंतराने भागायचं आणि २३ ने गुणायचं. बेडच्या मध्यावर पडलेल्या माणसापर्यंत हात ५० सेंमी पुढे गेले तर निम्मी, म्हणजे ११.५ किलो. तुझी तिसरी नर्स आणखी लांबून ओढणार, त्यामुळे भार तीन सारख्या वाट्यांत पडत नाही.

पेशंट अचानक हात गळ्यात टाकतो, खोकतो. म्हणून २००७ मध्ये संशोधक वॉटर्स यांनी त्याच सूत्रावरून पेशंटसाठी १६ किलोची मर्यादा सुचवली, तीही सहकार्य करणाऱ्या पेशंटला जवळ धरता आलं तरच. ७० किलोच्या माणसाचा एक पाय साधारण ११ किलोचा भरतो, यावरून अंदाज कर.

पण मुळात हे उचलणं नाही, ओढणं आहे. जोर वजनापेक्षा घर्षणावर ठरतो. आपल्याकडे पेशंटखालच्या आडव्या चादरीखाली, म्हणजे ड्रॉ शीटखाली, मॅकिंटॉशचं रबरी कापड असतं आणि ते चादरीला धरून ठेवतं. मग चादर ओढली तरी पेशंट हलत नाही, आणि वाकलेल्या कमरेने आणखी हिसका दिला जातो. इजा तिथे होते. नुसते गुडघे वाकवून उपयोग नाही, बेडच्या कडेमुळे गुडघे पुढे जातच नाहीत. पट्ट्याबद्दल नायॉशनेच १९९४ मध्ये सांगितलंय की निरोगी कामगारांना तो द्यावा इतका पुरावा नाही.

सातपूरकर
आमच्या आईला अर्धांगवायू आहे, घरी मी एकटाच असतो. काखेत धरून ओढलं तर चालेल का?

वॉर्ड_सात
दादा, लुळ्या बाजूच्या काखेत हात अजिबात घालू नका, खांदा निखळतो. चांगला पाय दुमडून, टाच गादीत रोवून त्यांनाच ढकलायला सांगा. तुम्ही फक्त चादर धरा. जमत नसेल तर दुसऱ्या माणसाची वाट पाहा.

गोदाकाठ_९
मग योग्य पद्धत कशी लिहू?

वॉर्ड_सात
आधी ब्रेक लाव. नुकतं नाकातल्या राइल्स ट्यूबने फीड दिलं असेल किंवा दम लागत असेल तर पेशंटला सपाट करायचं नाही, थांबायचं. तसं काही नसेल तर हँडल फिरवून डोक्याकडचा भाग खाली घे. युरिन बॅग आणि सलाइनची नळी मोकळी कर. पेशंटला कुशीवर वळवून खांद्यापासून टाचांपर्यंत स्लाइड शीट, म्हणजे गुळगुळीत घसरती चादर, घाल. दोघी दोन बाजूंना, खांदा आणि कंबर यांच्याजवळ ड्रॉ शीट गुंडाळून घट्ट धरा. एक पाय उशाच्या दिशेला पुढे. पेशंटची हनुवटी छातीकडे, गुडघे दुमडलेले. "एक, दोन, सरका" म्हणताच वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्यायचं, हातांनी खेचायचं नाही. नंतर स्लाइड शीट काढून घे. तशीच राहिली तर पेशंट पुन्हा घसरतो.

आणि घसरण्याचं कारण लिही. पेशंटची कंबर बेडच्या दुमडीच्या खाली असताना डोकं वर केलं की तो खाली येणारच. आधी कंबर दुमडीशी आण, मग गुडघ्याचा भाग उचल, शेवटी डोक्याचा. दिवसभरातल्या खेपा इथेच कमी होतात.

रात्रपाळी
हे सगळं ठीक, पण स्लाइड शीट कुठून आणायची? रात्री एक सिस्टर आणि एक मावशी. आम्ही एक गुडघा बेडवर टेकवतो, अंतर कमी होतं.

सुईदोरा
गुडघा बेडवर? इन्फेक्शन कंट्रोलवाल्या सिस्टर चालू देणार नाहीत.

वॉर्ड_सात
अंतराचं म्हणणं खरं आहे. जंतूंची हरकतही खरी. ठरावीक उंचीच्या बेडवर मला याचं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. स्लाइड शीट नसेल तर निदान सरकवण्यापुरतं मॅकिंटॉश काढा.

गोदाकाठ, आकडा हवा असेल तर स्किल लॅबमध्ये मैत्रिणीला बेडवर झोपव, ड्रॉ शीटला स्प्रिंगचा वजनकाटा अडकव आणि सावकाश ओढ. एकदा मॅकिंटॉशसह, एकदा काढून. ती हलायला लागते त्या क्षणीचा आकडा लिही. पेशंटवर हा प्रयोग नको.

गोदाकाठ_९
३० किलोचं गणित खोडलं. उद्या काटा घेऊन लॅबला जाते, दोन्ही आकडे इथे टाकीन. बेडवर गुडघा टेकवण्याबद्दल कुणाच्या वॉर्डात लेखी नियम असेल तर सांगा.