मदत हवी आहे: पंप कंट्रोलरच्या सर्व्हरसाठी रस्ट की गो?

वरुडचा_संत्री
वरुडजवळच्या गावातून लिहितोय. शेतातल्या मोटारींचे जीएसएम कंट्रोलर आम्ही बनवतो. प्रत्येक डबा सर्व्हरशी टीसीपी कनेक्शन धरून बसतो आणि दर १० सेकंदांनी साठेक बाइटचं पॅकेट पाठवतो. पुढच्या हंगामात ४०,००० डबे होतील. फीडरला लाईन आली की हजारो डबे एकदम जोडायला येतात, तेव्हा आत्ताचा नोडचा सर्व्हर झोपतो. टीम तिघांची; दोघं जावावाले, रस्ट येतं ते एकालाच, आणि तो दिवाळीनंतर पुण्याला जाणार. काय घ्यावं?

गंजलेला_खिळा
रस्टच. गोचा गार्बेज कलेक्टर अडखळतो. डिस्कॉर्डनं २०२० मध्ये त्यापायीच एक सर्व्हिस रस्टमध्ये नेली.

दूधवाला_भाऊ
आमचं दूध संकलन पीएचपीवर चालते बाप्पा, कधी बंद नाही पडलं. एवढा कुटाणा काऊन?

जुना_बॅकएंडवाला
दूधवाले भाऊ, तुमचे गिऱ्हाईक कनेक्शन धरून बसत नाहीत.
खिळा, डिस्कॉर्डकडे मेमरीत लाखो नोंदींचा कॅशे होता आणि गो दर दोन मिनिटांनी तो सगळा चाळायचा. इथं तसा कॅशेच नाही. सेकंदाला ४,००० पॅकेटं दोन्ही भाषा सहज पेलतील.
प्रश्न मेमरीचा. एका गोरूटीनचा स्टॅक वाढून ८ केबी झाला आणि बफर ४ केबीचा धरला, तर ४०,००० कनेक्शनला ४८० एमबी. कलेक्टर डीफॉल्टवर जवळपास दुप्पट होऊ देतो, म्हणून एक जीबी धरा. पॅकेट छोटं आहे, तर बफरही छोटा ठेवा:

```go
r := bufio.NewReaderSize(conn, 256)
```

मग `GODEBUG=gctrace=1` लावून चालवा. कलेक्टरवर किती टक्के वेळ गेला ते ओळीतच दिसतं. रस्टमध्ये मेमरी नक्कीच कमी लागेल. पण टोकिओच्या टास्कमध्ये कोणी डेटाबेसचा ब्लॉकिंग कॉल टाकला, तर त्या थ्रेडवरची बाकी कनेक्शनं तटतात आणि कंपाइलर हूं की चूं करत नाही. तुमचा माणूस गेल्यावर हे कोण शोधणार? जावावाले गो लवकर वाचायला लागतील.

गंजलेला_खिळा
आणि दोन गोरूटीन एकाच मॅपवर लिहायला लागले की अख्खा प्रोग्राम मरतो, त्याचं काय? रस्ट ते कंपाइलच होऊ देत नाही.

जुना_बॅकएंडवाला
मान्य. `go test -race` सुद्धा टेस्टमध्ये जेवढं चाललं तेवढंच पकडतं. तिथं रस्ट सरस आहे.
पण लाईन आल्यावरची झुंबड कुठल्याच भाषेनं थांबणार नाही. फर्मवेअरमध्ये जोडण्याआधी ० ते १२० सेकंदांचा रँडम थांबा टाका. सगळे डबे एकदम आले तरी सेकंदाला साडेतीनशेच्या आसपास पडतील.

वरुडचा_संत्री
नव्या डब्यांत टाकतो. जुन्यांचं फर्मवेअर शेतात जाऊन बदलावं लागते, आणि ते कनेक्शन तुटलं की लगेच परत येतात.

जुना_बॅकएंडवाला
मग तोडू नका. `net.core.somaxconn` वाढवा, `Listen` त्यानंतरच करा आणि सावकाश `Accept` करा. बाकीचे रांगेत राहतील. फक्त डब्याचा कनेक्ट टाइमआउट किती आहे?

वरुडचा_संत्री
तो मॉड्यूलमध्येच ठरलेला आहे. उद्या एक डबा टेबलावर लावून मोजतो.