मंडळाची व्हॅन, टायरच्या भेगा आणि शुक्रवारची एलए फेरी

प्रेषक: नितीन | रविवार, १७ ऑगस्ट २०२५

मंडळी,

व्हॅन आज स्टोरेजमधून काढली. दिवाळीनंतर ती हललीच नव्हती. चारही टायरची हवा उतरलेली, मागच्या डाव्यात तर जेमतेम १७ पीएसआय. त्याच टायरच्या बाजूच्या भिंतीवर रिमलगत केसाएवढ्या बारीक भेगा गोल फिरल्यात. समोरच्या दोघांवरही आहेत, पण कमी. नक्षी मात्र भरपूर शिल्लक आहे.

शुक्रवारी पहाटे फिनिक्सहून एलएला मूर्ती आणायला निघायचंय. जाऊन-येऊन साडेसातशे मैल, चार माणसं आणि येताना मूर्ती. या टायरवर जायचं का? उद्यापर्यंत सांगा, म्हणजे काही करता येईल.

प्रेषक: सुहास (खजिनदार) | रविवार, १७ ऑगस्ट

नितीन, टायर २०१८च्या मार्चमध्ये घेतलेत, बिल माझ्या फायलीत आहे. त्यानंतर व्हॅन ९ हजार मैलसुद्धा चाललेली नाही आणि टायरना ६० हजार मैलांची हमी होती. पेनीचं नाणं लिंकनचं डोकं खाली करून खाचेत घाल. डोक्याचा भाग झाकला गेला तर टायर चांगला. हवा टायरवर लिहिलेय तेवढी, म्हणजे ४४ भर आणि जाऊन ये. यंदाच्या बजेटमध्ये टायर नाहीत. ढोलांचं आधीच जास्त झालंय, हे मागच्या मीटिंगला बोललो होतो.

प्रेषक: स्मिता | रविवार, १७ ऑगस्ट

आम्ही दर हिवाळ्यात पाच महिने नाशिकला असतो. गाडी गराजमध्येच असते. परत आल्यावर पहिले चार-पाच मैल खालून धडधड असा आवाज येतो, मग थांबतो. हे म्हणतात टायर एका जागी चपटे होतात, ते फिरले की पूर्ववत येतात. बॅटरीही दरवेळी बसलेली असते, तुम्ही कुठला चार्जर वापरता? आणि गराजमध्ये ऊन नसतं, तर आमच्या टायरना भेगा पडायला नकोत ना?

प्रेषक: अरविंद काका | सोमवार, १८ ऑगस्ट

नितीन, मी टायरच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुहास, नाण्याने फक्त झीज कळते. या व्हॅनचा प्रश्न झिजेचा नाही, वयाचा आहे. टायरच्या रबरात मेण आणि हवेतल्या ओझोनपासून वाचवणारी रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना भिंत सतत वाकते, तेव्हा ती आतून झिरपत पृष्ठभागावर येतात आणि त्यांचा पातळ थर बनतो. उभ्या गाडीत ती हालचालच नसते. रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा उभ्या गाडीच्या टायरला लवकर भेगा पडतात त्या यामुळे. त्यातून ओझोन ताणलेल्या रबरालाच कापतो. हवा १७वर आली की टायर बसतो, भिंत फुगून ताणली जाते. त्याच टायरला सर्वांत जास्त भेगा असणं अगदी अपेक्षित आहे.

आता बघायचं कसं ते. टायर धुऊन कोरडा कर, हवा दारावरच्या स्टिकरवरच्या आकड्याएवढी भर. टायरवरचा ४४ हा कमाल दाब आहे, रोज भरायचा नाही. मग अंगठ्याने भिंत दाबून भेग उघडते का बघ आणि नख फिरव. नख अडकत नसेल, दाबल्यावर तोंड उघडत नसेल, तर ती वरवरची भेग आहे. नख अडकलं, एकीला दुसरी जोडून लांब चीर झाली असेल, किंवा नक्षीच्या खाचेच्या तळाशी भेग असेल, तर तो टायर हायवेवर नेऊ नये. आत धागे दिसले किंवा कुठे फुगवटा असला तर गल्लीतसुद्धा नको.

आणि तारीख बघ. डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बाहेरच्या बाजूला ओळ अर्धवट दिसली तर गाडीखाली वाकून आतली बाजू बघ. तारीख बहुतेक वेळा एकाच बाजूला असते. स्पेअरचीही बघ.

प्रेषक: प्रिया | सोमवार, १८ ऑगस्ट

स्मिता, बॅटरीला आम्ही छोटा मेंटेनर लावून जातो, कधीच अडचण आली नाही. भेगांवर टायरचं पॉलिश मिळतं ते लावा, टायर अगदी नवे दिसतात. गेल्या वर्षी मिरवणुकीआधी आम्हीच लावलं होतं.

प्रेषक: नितीन | सोमवार, १८ ऑगस्ट, रात्री

काका, गाडीखाली टॉर्च घेऊन पडून वाचलं. चारही टायर २३१६. म्हणजे २०१६चा जून? मग २०१८चं बिल कसं? मागच्या डाव्यात नख अडकतं, बाकी तिघांत नाही. स्पेअर एकदम काळा कुळकुळीत, एकही भेग नाही. त्यावर ११११ आहे. तीन बरे आणि स्पेअर नवा, मग खराब तेवढा एकच बदलून चालेल का?

प्रेषक: अरविंद काका | मंगळवार, १९ ऑगस्ट

बरोबर वाचलंस, जून २०१६. दुकानात पावणेदोन वर्षं पडून राहिलेला माल आपल्याला विकला गेला. टायरचं वय बिलापासून नाही, कारखान्यातून निघाल्यापासून मोजायचं. सव्वानऊ वर्षं झाली.

स्पेअरने मला खरी काळजी लावली आहे. तो मार्च २०११चा, चौदा वर्षांचा आहे. ऊन लागलं नाही म्हणून भेगा नाहीत, एवढंच. स्मिता, तुझ्या प्रश्नाचंही उत्तर यातच आहे. भेगा बाहेरचं सांगतात, पण टायर फाटतो तो आतून. आत दोन पोलादी पट्टे असतात आणि त्यांच्यामध्ये रबर. टायरमधल्या दाबाच्या हवेतला ऑक्सिजन हळूहळू त्या रबरात शिरतो आणि ते कडक, ठिसूळ होतं. मग वेगात, उन्हात पट्टे सुटतात आणि नक्षीचं अख्खं कातडं उलगडतं. बाहेरून आधी काही दिसेलच असं नाही. उष्णतेने हे फार वेगाने होतं, साधारण दर १० अंश सेल्सियसला दुप्पट. आपलं गराज उन्हाळ्यात भट्टीच असतं. राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा खात्याने २००३ साली टायरचं म्हातारपण तपासायला वापरलेले टायर गोळा केले, ते आपल्या फिनिक्समधूनच.

अमुक वर्षांनी टायर फेका असा कायदा इथे गाड्यांना नाही. गाड्या बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या सहा वर्षं सांगतात, टायर कंपन्या फार तर दहा. फिनिक्सच्या उन्हात मी सातच्या पुढे जात नाही. वाटेतल्या ब्लाइदच्या अलीकडे-पलीकडे वाळवंटात, ११० अंश फॅरेनहाइटमध्ये, ७५च्या वेगाने, चार माणसं घेऊन या टायरवर जाऊ नये. नख न अडकणारे तिघेही त्याच आठवड्याचे आहेत. एक बदलून उपयोग नाही.

प्रिया, पॉलिश नको. त्याने भेगा झाकल्या जातात आणि काही पॉलिशांतल्या पेट्रोलियममुळे तो मेणाचा थर निघून जातो.

प्रेषक: सुहास (खजिनदार) | मंगळवार, १९ ऑगस्ट

काकांचं म्हणणं मान्य. पण चार टायर आणि स्पेअर म्हणजे आठशे डॉलरच्या आसपास, आणि कार्यकारिणीच्या मंजुरीशिवाय ५००च्या वरचा चेक मी लिहू शकत नाही. वर्षातून दोनदा चालणाऱ्या व्हॅनला सहा-सात वर्षांनी पुन्हा हाच खर्च येणार. भाड्याची व्हॅन शुक्रवार-शनिवार मिळून किती पडेल, कुणी बघेल का? आणि २०१८ला पावती मीच घेतली होती, तारीख तपासली नाही, ती चूक माझी.

प्रेषक: नितीन | मंगळवार, १९ ऑगस्ट

भाड्याच्या व्हॅनची चौकशी करतो. मूर्ती तीन फुटी आहे, सीट काढता येतील अशीच हवी. आपली व्हॅन बुधवारी हॉलपर्यंत सामान न्यायला वापरू का, हा प्रश्न राहतोच. सहा मैल, ३५चा वेग.

प्रेषक: अरविंद काका | मंगळवार, १९ ऑगस्ट

मागच्या डाव्यावर नाही. मी उद्या सकाळी साडेसहाला येतो, उन्हाच्या आधी. जॅक काढून ठेव. सगळी चाकं उचलून आतली बाजू मला स्वतः बघू दे, मग सांगतो.